लीलावतीतले दोन दाते

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त एक दाता पहिल्या दिवशी चार द्रम्म दान देतो आणि रोज पाच द्रम्म वाढवत जातो. पंधरवड्यात त्याने एकूण किती दिले? दुसरा दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करतो. महिन्यात किती?

शाब्दिक उदाहरणात आधी एवढेच पाहावे, की रोज तीच रक्कम मिळवली जाते की त्याच संख्येने गुणले जाते. पहिली अंकगणिती श्रेढी, दुसरी भूमिती श्रेढी. फक्त २ आणि ४ पाहून हे ठरत नाही, कारण पुढे ६ही येऊ शकतात आणि ८ही. ‘दुप्पट’ हा शब्द वाचायलाच हवा. तो सुटला आणि रोज दोनच कवड्या वाढवल्या, तर महिन्याची बेरीज ९३० वर थांबते.

पहिल्या दात्याचा पंधरावा दिवस घ्या. पाचाची वाढ १५ वेळा नव्हे, १४ वेळा झाली, कारण पहिल्या दिवशी वाढ नव्हतीच. म्हणून ४ + १४ × ५ = ७४. हे झाले त्या एका दिवसाचे दान. अनेक विद्यार्थी इथेच थांबतात. प्रश्न तर ‘एकूण’ दानाचा आहे. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची सरासरी ३९, ती पंधरा दिवसांनी गुणली की ५८५ द्रम्म.

दुसऱ्या उदाहरणात सरासरी उपयोगी नाही. इथे २ चा तिसावा घात हवा, आणि तो काढण्याची भास्कराचार्यांची रीत मला फार देखणी वाटते. ३० सम, म्हणून निम्मे करा: १५. तो विषम, म्हणून एक वजा: १४. मग ७, ६, ३, २, १, ०. आता उलट या. एकापासून सुरुवात करून, जिथे एक वजा केला तिथे दोनने गुणा आणि जिथे निम्मे केले तिथे वर्ग करा: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. तीस गुणाकारांचे काम आठ पायऱ्यांत होते. यातून एक वजा करून, गुणोत्तरातून एक वजा करून आलेल्या संख्येने (इथे १ ने) भागायचे आणि पहिल्या पदाने, म्हणजे २ ने, गुणायचे. उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या.

पडताळाही सोपा आहे. तिसाव्या दिवसाचे दान १,०७,३७,४१,८२४; आधीच्या २९ दिवसांची बेरीज त्याहून बरोबर दोनने कमी भरली पाहिजे. एकूण रकमेतून शेवटचा दिवस वजा केला की १,०७,३७,४१,८२२ उरतात. लीलावतीच्या कोष्टकात २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म आणि १६ द्रम्मांचा निष्क. त्या हिशेबाने हे दान १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या होते.