कागद कोणता, हे प्रिंटरला खरं सांगा

लग्नातला एक फोटो घ्या. नवरीची राणी रंगाची पैठणी, हातात हिरवा चुडा, मागे मंडपाची निळी एलईडी रोषणाई. मॉनिटरवर तो झळाळतो. घरच्या इंकजेट प्रिंटरवर चकचकीत फोटो पेपरवर छापला, की पैठणी विटकी दिसते, निळे दिवे जांभळट होतात आणि चेहऱ्यावर तांबूस झाक येते. अशा वेळी बहुतेक जण शाईला दोष देतात. खरं तर या तीन बिघाडांची कारणं तीन आहेत आणि त्यातली दोन घरच्या घरी दूर करता येतात.

आधी निळ्या दिव्यांचं पाहू. पडदा स्वतः प्रकाश फेकतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तो रंग दाखवतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नाही. खोलीतला उजेड त्याच्यावर पडतो, त्यातला काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. गडद निळा छापायला निळसर सायन आणि गुलाबी मॅजेंटा या दोन शाया एकावर एक पडतात. त्यातून पडद्यावरचा लखलखता निळा मिळत नाही, आणि मॅजेंटा वरचढ ठरला तर तो जांभळ्याकडे झुकतो. ही शाईचीच मर्यादा आहे. कोणत्याही सेटिंगने ती पूर्ण जात नाही.

पैठणीचं तसं नाही. राणी रंग मॅजेंटा शाईच्या आवाक्यात असतो. तोच विटका दिसत असेल, तर पहिला संशय कागदाच्या सेटिंगवर घ्यावा. प्रिंटच्या खिडकीत Media Type किंवा Paper Type असा पर्याय असतो आणि तो बहुधा Plain Paper वरच राहिलेला असतो. साधा कागद शाई पिऊन फुगतो, म्हणून त्या सेटिंगवर प्रिंटर शाई बेताने सोडतो. फोटो पेपरवरचा लेप त्याहून कितीतरी जास्त शाई वर धरून ठेवू शकतो, पण ती मिळतच नाही. शिवाय अनेक प्रिंटरमध्ये मजकुरासाठीची काळी शाई पिगमेंटची असते. ती चकचकीत लेपात मुरत नाही, वरच राहते आणि बोट फिरवलं की फरफटते. Plain Paper निवडल्यावर नेमकी तीच वापरली जाते. उलट चूक केली, म्हणजे साध्या कागदावर Glossy निवडलं, तर शाई जास्त होऊन कागद लाटांसारखा वाकतो आणि रंग फुटतात.

चेहऱ्यावरच्या तांबूस झाकेमागे बहुधा प्रोफाइलचा गोंधळ असतो. फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात. त्या आकड्यांचा नेमका रंग कोणता, हे प्रोफाइल ठरवतं. १९९६ साली मांडलेलं sRGB हे त्यातलं सर्वांत रुळलेलं. छपाईचं प्रोफाइल वेगळं असतं. ते अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक कागद या एकाच जोडणीसाठी, ठरावीक Media Type वर रंगांच्या चौकटी छापून आणि मोजून तयार होतं. एकच रंग सुती आणि रेशमी कापडावर वेगळा चढतो, तसंच इथेही आहे. म्हणूनच कागदाच्या कंपनीची .icc फाइल घेतली, तर तिने सांगितलेलं Media Type च निवडावं लागतं.

फोटोशॉपमध्ये Photoshop Manages Colors निवडलं, तर आकड्यांचं रूपांतर तो कार्यक्रम करतो. प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्तीही तेव्हा चालू राहिली, तर एकाच फोटोवर दोनदा दुरुस्ती होते आणि चेहरे तांबूस होतात. दोघांपैकी एकानेच काम करावं. कागदाचं प्रोफाइल हाताशी असेल तर ड्रायव्हरमधली दुरुस्ती बंद करावी. नसेल तर Printer Manages Colors निवडावं आणि कागदाचा प्रकार अचूक सांगावा.

आपल्या फोटोसाठी क्रम असा ठेवा. फाइल sRGB मध्ये आहे याची खात्री करा. मॉनिटरचा उजेड कमी करा. तो झगझगीत असला की चांगला प्रिंटही काळवंडलेला वाटतो. कागदाच्या पाकिटावरचं नाव पाहून Media Type निवडा आणि आधी लहान आकारात एक प्रिंट काढा. फोटोच्या कडेला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटांची पट्टी ठेवा. प्रिंट एक दिवस वाळू द्या आणि मग खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पाहा. पट्टीत गुलाबी किंवा हिरवी झाक दिसली, तर दुरुस्ती दोनदा झाली आहे किंवा प्रोफाइल चुकीचं आहे. पट्टी तटस्थ असून सगळाच फोटो फिका असेल, तर कागदाचं सेटिंग पुन्हा तपासा. पट्टी ठीक, पैठणी ठीक आणि फक्त निळे दिवे मंद असतील, तर तिथे थांबावं. त्या दिव्यांसाठी सगळ्या फोटोचे रंग भडक केले, तर चेहरे बिघडतात आणि निळा तरीही येत नाही.