वरचा आकडा सारखाच, शॉक मात्र तीन

एमबीबीएसच्या परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न घेऊ. कॅज्युअल्टीत तीन रुग्ण आले आहेत. पहिला तरुण मोटारसायकलवरून पडला आहे, पोटाला जबर मार लागला आहे. दुसऱ्या गृहस्थांच्या छातीत दोन तासांपासून दुखतं आहे. तिसऱ्या बाईंना चार दिवस लघवीला जळजळ होत होती आणि कालपासून थंडी वाजून ताप येतो आहे. तिघांच्याही रक्तदाबाचा वरचा आकडा ८४ आहे आणि तिघांचीही नाडी मिनिटाला १२०च्या आसपास. तिघेही शॉकमध्ये आहेत. कोणता शॉक कोणाला, हे ओळखायचं आहे.

शॉक म्हणजे शरीरातल्या पेशींना पुरेल इतकं रक्त, आणि त्यातून ऑक्सिजन, न पोचणं. इमारतीतल्या नळाला पाणी येत नसेल तर टाकी रिकामी असते, पंप बिघडलेला असतो किंवा सगळे नळ एकदम उघडे पडलेले असतात. रक्त किंवा पाणी कमी पडून होतो तो हायपोव्होलेमिक शॉक, हृदयाचा जोर कमी पडून होतो तो कार्डिओजेनिक, आणि जंतुसंसर्गामुळे रक्तवाहिन्या सैल पडून होतो तो सेप्टिक. उपचार वेगवेगळे असल्यामुळे ही ओळख महत्त्वाची. अपघातातल्या तरुणाला रक्त हवं आणि रक्तस्राव थांबवायला हवा. लघवीच्या संसर्गाला सलाइन आणि पहिल्या तासातच अँटिबायोटिक हवं. पण हेच सलाइन थकलेल्या हृदयाच्या रुग्णाला भराभर दिलं, तर त्याच्या फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो.

वरच्या आकड्यावरून हा फरक कळत नाही. तो कळतो वरच्या आणि खालच्या आकड्यांतल्या अंतरावरून. निरोगी माणसाचा रक्तदाब १२०/८० धरला तर हे अंतर ४० येतं. हृदयाच्या एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं, याचा अंदाज त्यावरून येतो. खालचा आकडा मुख्यतः लहान रोहिण्या किती आवळलेल्या आहेत त्यावर ठरतो. रक्त कमी झालं की शरीर हातापायांच्या रोहिण्या आवळून मेंदू आणि हृदयाकडे रक्त राखतं. त्यामुळे खालचा आकडा टिकून राहतो आणि वरचा त्याच्या जवळ येतो. अपघातातल्या तरुणाचा रक्तदाब असतो ८४/६६, अंतर १८. छातीत दुखणाऱ्या गृहस्थांचंही तसंच. बाईंच्या रोहिण्या मात्र सैल पडल्या आहेत, म्हणून खालचा आकडाच कोसळतो. त्यांचा रक्तदाब ८४/३८, अंतर ४६.

हाच फरक बोटांनाही जाणवतो. पहिल्या दोघांची नाडी बारीक, दोऱ्यासारखी लागते. जरा जोरात दाबली की नाहीशी होते. बाईंची नाडी बोटांवर उसळी मारते. त्वचेचंही तसंच. पहिल्या दोघांचे हात गार आणि घामाने ओलसर, कारण तिथलं रक्त आत ओढून घेतलेलं आहे. बाईंचे तळवे गरम आणि कोरडे लागतात.

त्वचेची आणखी एक तपासणी सोपी आहे. रुग्णाचा हात हृदयाच्या पातळीवर धरून बोटाचं टोक पाच सेकंद दाबायचं आणि सोडायचं. पांढुरका पडलेला भाग साधारण दोन सेकंदांत पुन्हा लालसर व्हायला हवा. तीनपेक्षा जास्त सेकंद लागले तर तिथे रक्त नीट पोचत नाही. खोली गार असेल तर निरोगी माणसालाही वेळ लागतो, म्हणून या एका तपासणीवर निकाल देऊ नये. सावळ्या त्वचेवर फिकटपणा चटकन दिसत नाही. तिथे पापणीची आतली बाजू आणि तळहात पाहावेत. गुडघ्यापासून पावलांपर्यंत हात फिरवून गारवा कुठून सुरू होतो, तेही पाहावं.

आता दोन गार रुग्ण उरले, आणि नाडी, रक्तदाब, त्वचा या तिन्ही गोष्टी दोघांत सारख्याच. त्यांना वेगळं करते मान. रुग्णाला अर्धवट बसतं करून मानेच्या शिरा पाहायच्या. रक्त वाहून गेलेल्याच्या शिरा रिकाम्या, सपाट असतात. हृदय रक्त पुढे ढकलू शकत नसेल तर ते मागे तुंबतं, शिरा फुगून वर येतात आणि बहुतेकदा छातीत खालच्या बाजूला कुरकुर ऐकू येते.

मुलं जिथे हमखास अडतात, तो प्रश्न आता पाहू. बासष्ट वर्षांच्या बाई, पंधरा वर्षांपासून मधुमेह. काल रात्रीपासून उलट्या आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणं. ताप नाही, जुलाब नाहीत. नाडी ११२ आणि बारीक, रक्तदाब ९०/७२, हातपाय गार, बोटाचा रंग परतायला चार सेकंद. उलट्या वाचल्याबरोबर अनेकजण लिहितात: शरीरातलं पाणी कमी झालं, दोन बाटल्या सलाइन. पण प्रश्नात पुढे एक ओळ असते: मानेच्या शिरा जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत भरलेल्या, दोन्ही फुप्फुसांत खाली कुरकुर. पाणी कमी झालेल्या माणसाच्या मानेच्या शिरा भरलेल्या असू शकत नाहीत. रक्तदाबातलं अंतर १८, म्हणजे वरच्या आकड्याच्या पाव भागापेक्षाही कमी. हृदय फार थोडं रक्त बाहेर टाकतं आहे. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. कधी नुसत्या उलट्या होतात, कधी फक्त दम लागतो. हा कार्डिओजेनिक शॉक आहे. पहिलं काम ईसीजी काढायचं.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. सेप्टिक शॉक लांबला की हृदयही थकतं आणि गरम हात गार पडतात. अशा वेळी हकीगतीतला आधीचा ताप विसरता कामा नये. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या घेणाऱ्याची नाडी रक्त गेलं तरी वाढत नाही. ज्यांचा नेहमीचा रक्तदाब १७० असतो, त्यांना ११० हाही कमीच. आणि तरुण माणसाचं शरीर साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा सांभाळून ठेवू शकतं. तोवर फक्त नाडी वाढते आणि अंतर कमी होतं. म्हणून जखमी माणसाचं बीपी ११०/९० आलं, तर ते नॉर्मल म्हणून सोडून द्यायचं नसतं.

हे सगळं घरच्यांच्याही उपयोगाचं आहे, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या डेंगीच्या दिवसांत. डेंगीत रक्तातला पातळ भाग केशवाहिन्यांतून झिरपून बाहेर जातो. रक्तस्राव दिसत नसला तरी होतो तो हायपोव्होलेमिक शॉकच. तो येतो बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप उतरत असताना. अंग गार लागतं म्हणून घरच्यांना वाटतं, उतार पडला. रक्तदाब १००/८२ येतो, वरचा आकडा शंभर पाहून सगळे निश्चिंत होतात. पण अंतर १८ आहे, आणि डेंगीत ते २० किंवा त्याहून कमी असणं हाच शॉक धरतात. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, रुग्ण अस्वस्थ किंवा गळून गेलेला असेल आणि हातपाय गार पडले असतील, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि तिथे रक्तदाबाचे दोन्ही आकडे विचारा.