विमानाचं तिकीट हातात आलं, पण वाचलं का? उमराहच्या एका ई-तिकिटाची ओळ न् ओळ

तिकीट हल्ली व्हॉट्सॲपवर येतं. एजंट पीडीएफ टाकतो, खाली लिहितो, ‘सब ओके है’. आपण नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवतो, तारीख बघतो आणि फाइल घरच्या ग्रुपवर पुढे ढकलतो. बाकीच्या ओळी इंग्रजी अक्षरं आणि आकडे असल्यामुळे ‘ते विमानवाल्यांचं असेल’ म्हणून सोडून देतो. पण पैसे आणि प्रवास अडकतो तो नेमका याच ओळींत.

महाडला आमच्या खाला राहतात. त्या, खालूजान, मुलगा आणि सून असे चौघे डिसेंबरात उमराहला निघाले होते. तिकीट तीन हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून घरात खुशी होती. खालांनी फोन करून सांगितलं, “अरे, जरा बघून ठेव, सगळं बरोबर आहे ना.” फाइल उघडली, तर प्रवासाचा तक्ता साधारण असा होता. विमान कंपन्यांची अक्षरं मी बदलली आहेत, बाकी मांडणी तशीच आहे.

```
XX 501  V  BOM T2  DXB T2  12DEC 0410  12DEC 0600  OK  30K
XX 815  V  DXB T3  JED T1  12DEC 1005  12DEC 1205  OK  30K
YY 322  Q  JED T1  DXB T1  26DEC 2130  27DEC 0120  OK  1PC
ZZ 204  T  DXB T2  BOM T2  27DEC 0420  27DEC 0855  OK  15K
```

BOM म्हणजे मुंबई, DXB दुबई, JED जेद्दा. OK म्हणजे सीट पक्की. तिथे RQ असेल तर सीट फक्त मागितलेली आहे, मिळालेली नाही, आणि तसं तिकीट घेऊन घरातून निघूच नये.

आता वेळ. पहिल्या ओळीत 12 डिसेंबर, 0410 आहे. खालांच्या घरी बॅगा 12 तारखेच्या संध्याकाळी बांधायचं ठरलं होतं! पहाटे 4 वाजून 10 मिनिटांचं विमान म्हणजे घर सोडायचं 11 तारखेला. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी, म्हणजे रात्री एकच्या सुमारास विमानतळावर पोचायचं. महाडहून गाडीने येताना वडखळ, पनवेलचा ट्रॅफिक धरला तर 11 तारखेला संध्याकाळी सहा-सातलाच निघायला हवं. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेतलं विमान असेल, तर तारखेच्या आदल्या रात्री निघायचं हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळाची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, जेद्दा अडीच तास मागे. म्हणून मुंबई ते दुबई कागदावर 1 तास 50 मिनिटं दिसतात, प्रत्यक्षात विमान 3 तास 20 मिनिटं उडतं.

टर्मिनलची अक्षरं शहराच्या शेजारीच असतात. मुंबईत T2 म्हणजे सहारचं टर्मिनल, T1 सांताक्रूझ बाजूचं. दोन्हींमध्ये चालत जाता येत नाही, रस्त्याने जावं लागतं. ड्रायव्हरला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका. जेद्दाला तर T1, नॉर्थ टर्मिनल आणि हज टर्मिनल असे वेगवेगळे भाग आहेत. हॉटेलची बस पाठवणाऱ्याला टर्मिनलसकट ही ओळ पाठवून ठेवा, नाहीतर बस एकीकडे आणि म्हातारी माणसं बॅगांसकट दुसरीकडे.

दुबईचा मामला जरा लांबचा आहे. जाताना विमान T2 वर उतरतं आणि पुढचं T3 वरून सुटतं. हे बघून खाला घाबरल्या. पण दोन्ही विमानं एकाच तिकिटात आहेत, त्यामुळे प्रवाशाला विमानतळाच्या आतल्या आत बसने नेतात. इमिग्रेशनला जायचं नाही, बॅगा मुंबईतच जेद्दापर्यंत लावलेल्या असतात. मध्ये 4 तास 5 मिनिटं आहेत, पुरेशी आहेत. फक्त एक लक्षात ठेवायचं. बॅगा दुबईत हातात येणार नाहीत, आणि जेद्दाला उतरण्याआधीच मीकात ओलांडली जाते. म्हणजे एहरामच्या चादरी हँडबॅगेतच हव्यात आणि दुबईच्या या चार तासांतच गुस्ल किंवा वुजू करून तयार होणं सोयीचं. एहराम मोठ्या बॅगेत ठेवून मग विमानात हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत.

येतानाच्या दोन ओळी मात्र वाचल्यावर मी एजंटला लगेच फोन लावला. तिथेही दुबईलाच थांबा, मध्ये तीन तास, वरवर बघता सगळं जातानासारखंच. पण YY आणि ZZ या वेगळ्या कंपन्या आहेत. वेगळ्या कंपन्या असण्यात स्वतःहून काही वाईट नाही, त्यांचा आपसात करार असतो आणि एकाच तिकिटात दोन्ही येऊ शकतात. खरा सवाल हा, की तिकीट एक आहे की दोन?

हे ओळखायची जागा तक्त्यात नाही, वर प्रवाशाच्या नावाजवळ आहे. तिथे Ticket Number म्हणून 13 आकडी नंबर असतो. त्यातले पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. उदाहरणार्थ, सौदियाचा नंबर 065 ने सुरू होतो, एअर इंडियाचा 098 ने. खालांच्या फाइलच्या पहिल्या पानावर एक नंबर होता, तिसऱ्या पानावर दुसरा आणि चौथ्या पानावर तिसरा. PNR म्हणजे बुकिंगची सहा अक्षरंही तीन वेगवेगळी. म्हणजे एजंटने येतानाचा प्रवास दोन सुट्या तुकड्यांत विकत घेऊन एका तक्त्यात जोडून दाखवला होता. काही वेबसाइटवर अशा ठिकाणी Self transfer असं लिहिलेलं असतं. एजंटने स्वतः बनवलेल्या पीडीएफवर तेही नसतं. त्याच्या तक्त्यात फक्त Layover 3h 00m एवढंच होतं.

सुट्या तिकिटाचा अर्थ काय होतो तो बघा. YY कंपनीची जबाबदारी दुबईला संपते. बॅगा दुबईत पट्ट्यावर येतात, त्या घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर जावं लागतं आणि त्यासाठी यूएईचा व्हिसा लागतो. आपल्या पासपोर्टवर उमराहचा सौदी व्हिसा असला तरी तो इथे चालत नाही. जेद्दाच्या काउंटरवरच ‘दुबईचा व्हिसा दाखवा’ म्हणून बोर्डिंग पास नाकारला जाऊ शकतो. समजा व्हिसा आहे, तरी रात्री 1:20 ला उतरून इमिग्रेशनची रांग, चार बॅगा, मग T1 वरून टॅक्सीने धावपट्ट्यांच्या पलीकडच्या T2 वर, आणि तिथला काउंटर विमानाच्या साधारण तासभर आधी, म्हणजे 3:20 ला बंद. तीन तासांतले हातात राहतात दोन. आणि YY चं विमान तासभर उशिरा आलं, तर ZZ म्हणणार, ‘तुम्ही आला नाहीत’, तिकीट गेलं. एका तिकिटात हेच घडलं असतं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम होतं.

मग सामानाची ओळ. 30K म्हणजे माणशी एकूण 30 किलो. ते एका बॅगेत भरा किंवा दोन बॅगांत, पण कुठलीही एक बॅग 32 किलोच्या वर जाऊ देऊ नका. 1PC म्हणजे एक नग. इकॉनॉमीत तो नग सहसा 23 किलोपर्यंतचा असतो. इथे किलोचा हिशेब नाही, बॅगांचा आहे. 10-10 किलोच्या दोन पिशव्या नेल्या तरी दुसरीचे पैसे पडतात. हँडबॅगेचं वजन या रकान्यात नसतं, ते बहुतेक ठिकाणी 7 किलो असतं.

खालांच्या तिकिटावर जाताना 30, येताना दुबईपर्यंत एक नग आणि दुबई ते मुंबई फक्त 15 किलो. लोक सामान आणतात येताना, खजूर, जानमाज, पोरांची खेळणी. चौघांच्या 23 किलोच्या चार बॅगा म्हणजे 92 किलो. शेवटच्या विमानात चौघांना मिळून परवानगी 60 ची. रात्री तीन वाजता दुबईत 32 किलोचे जादा पैसे भरा, नाहीतर सामान तिथेच टाका. झमझमची बाटली वेगळीच, ती नेऊ देतात की नाही आणि किती, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. शेवटच्या विमानाच्या कंपनीलाच विचारायचं.

“पण आमचा क्लास V आहे, Q आहे, म्हणजे मागची सीट का?” असं सुनेने विचारलं. नाही. V, Q, T ही तिन्ही अक्षरं या तिकिटावर इकॉनॉमीचीच. ते अक्षर सीटचं नाही, भाड्याच्या खान्याचं आहे. Y सहसा पूर्ण भाड्याचं, सगळ्यात मोकळं. बाकीची अक्षरं स्वस्त, आणि कुठलं अक्षर किती स्वस्त हे कंपनी ठरवते. जेवढं स्वस्त तेवढी तारीख बदलायला आणि रद्द करायला बंधनं जास्त. एकाच रांगेत बसलेल्या दोघांना सामान वेगवेगळं मिळतं ते त्यामुळेच. ही बंधनं तिकिटाच्या खाली Endorsements किंवा Fare rules मध्ये एका ओळीत असतात. NON REF म्हणजे पैसे परत नाहीत. NONEND म्हणजे हे तिकीट दुसऱ्या कंपनीकडे चालणार नाही. खालांच्या YY आणि ZZ दोन्हींवर NON REF होतं.

एजंट आधी म्हणाला, “भाई, सगळे असेच जातात.” मी त्याला तिन्ही तिकीट नंबर वाचून दाखवले आणि चौघांच्या यूएई व्हिसाचं काय ते विचारलं. मग तो नरमला. ZZ चे पैसे फक्त टॅक्सपुरते परत आले. YY च्या तिकिटाला बदलाची फी भरून त्याच कंपनीचं दुबई-मुंबई विमान त्यातच जोडून घेतलं. चौघांचे मिळून 18,000 रुपये जादा गेले, सुरुवातीला वाचलेल्या तीन हजारांच्या सहापट. नवीन तिकीट आलं तेव्हा येतानाच्या दोन्ही ओळींसमोर 1PC होतं आणि टर्मिनल T1 ते T1.

खालांनी ते चष्मा लावून स्वतः वाचलं. मग फोनवर मला जेद्दा ते मुंबईचा 13 आकडी नंबर एकेक आकडा करून सांगितला आणि म्हणाल्या, “दोन्ही पानांवर हाच आहे. आता एहराम कुठल्या बॅगेत टाकू, निळ्या की काळ्या?”