जास्तीचं पाणी जातं कुठे?

स्लॅबचा माल घट्ट वाटला की मिक्सरमध्ये आणखी एक बादली पाणी पडतं. माल सरसर पसरतो, मिस्त्री खूश!

पण काँक्रीट वाळून कडक होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेतून होतं. 50 किलोच्या गोणीला त्यासाठी साधारण 20 लिटर पाणी पुरतं. माल नीट बसावा म्हणून 25 लिटर ठीक. 35 लिटर ओतलं, तर जास्तीचं पाणी एकमेकांना जोडलेल्या सूक्ष्म पोकळ्या मागे ठेवतं. ताकद घटते आणि पावसाची ओल त्याच वाटेने सळईपर्यंत पोचून गंज धरते.

स्लॅब पडल्यावर मात्र पाण्यात काटकसर नको. वरचा थर सुकला की तिथली क्रिया थांबते. म्हणून वाफे बांधून पाणी साठवतात. पीपीसी सिमेंटला भारतीय मानकानुसार किमान 10 दिवस ओल हवी.