डाग फोटोत दिसतो, कापड दिसत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिकट रंगाच्या शर्टाचा फोटो येतो. खिशाच्या खाली पिवळसर तपकिरी डाग असतो आणि फोटोखाली एक शब्दही लिहिलेला नसतो. मी वस्त्रशास्त्र शिकवते म्हणून नातेवाईक, शेजारी, जुन्या विद्यार्थिनी असे फोटो हक्काने पाठवतात. डाग काढायचाय हे न सांगताही कळतं. पण मी लगेच उपाय सांगत नाही, आधी प्रश्न विचारते. काहींना तो वेळकाढूपणा वाटतो. प्रत्यक्षात त्या प्रश्नांच्या उत्तरांवर शर्ट वाचणार की जाणार हे ठरतं.

पिवळसर तपकिरी रंगाचाच विचार करा. तो आमटीचा असू शकतो, चहाचा असू शकतो, लोखंडी हँगरच्या गंजाचा असू शकतो, इस्त्री जास्त तापल्याचाही असू शकतो. फोटोत हे चारही डाग जवळपास सारखे दिसतात आणि एकाचं औषध दुसऱ्यासाठी विष ठरतं. पांढऱ्या सुती शर्टावरचा चहाचा डाग पातळ केलेल्या क्लोरीन ब्लीचने जातो. तेच ब्लीच गंजावर घातलं तर गंज जात नाही, उलट आणखी घट्ट बसतो. त्याला लिंबासारखं आम्ल लागतं, कारण आम्लात लोखंडाचे क्षार विरघळून पाण्याबरोबर निघून जातात. इस्त्रीने धागाच करपला असेल तर तो डाग नसून इजा आहे आणि तिथे कुठलंही द्रव्य फारसं काही करू शकत नाही.

कापडाचा प्रश्न तर याहून महत्त्वाचा. रेशीम आणि लोकर हे प्राण्यांपासून मिळणारे प्रथिनांचे धागे आहेत. घरगुती ब्लीच प्रथिनं खातं. लोकरीचा धागा ब्लीचमध्ये ठेवला तर काही वेळाने तो विरघळून नाहीसा होतो, आणि लोकर ओळखण्याची प्रयोगशाळेतली एक चाचणीच ही आहे. रेशमाचंही तेच होतं, आधी पिवळं पडतं आणि मग विरतं. धुण्याच्या बऱ्याच पावडरींमध्ये एन्झाइम असतात. रक्त, दूध, अंडं यांच्या डागातली प्रथिनं तोडणं हे त्यांचं काम. डागातलं प्रथिन कोणतं आणि शर्टाचं कोणतं, हा भेद त्यांना करता येत नाही. म्हणून रेशमी कपडा अशा पावडरीत भिजवून ठेवला की त्याची चमक जाते.

फोटोवरून काहीच कळत नाही असं नाही, आणि मी आधी तेच वाचायचा प्रयत्न करते. डाग कुठे आहे हे बरंच सांगून जातं. पोटावरचा किंवा छातीवरचा शिंतोडा बहुधा जेवणाचा असतो, खांद्याच्या टोकावरची नारिंगी रेघ हँगरची, खिशाच्या तळाचा निळा ठिपका पेनचा. काखेतला पिवळेपणा घामाचा आणि डिओडरंटचा. पण फोटो रात्री पिवळ्या दिव्याखाली काढला असेल तर पांढरा शर्टही क्रीम दिसतो आणि चहा कोणता, हळद कोणती, हे ठरवता येत नाही. त्यामुळे मी पहिली विनंती करते ती दिवसा खिडकीजवळ पुन्हा फोटो काढण्याची. एक पूर्ण शर्टाचा, एक डागाचा जवळून आणि एक त्याच जागेचा आतल्या बाजूने. आतला फोटो फार उपयोगी पडतो. डाग आतून जास्त गडद असेल तर तो अंगाकडून आलेला, म्हणजे घामाचा किंवा रक्ताचा असण्याची शक्यता अधिक. बाहेरून गडद असेल तर वरून सांडलेला.

अलीकडचं एक उदाहरण सांगते. माझ्या भाचीने तिच्या नवऱ्याच्या शर्टाचा असाच नुसता फोटो पाठवला. शर्ट क्रीम रंगाचा आणि डाग खिशाखाली, तळहाताएवढा. मी विचारलं, कापड कशाचं आहे? उत्तर आलं, "मावशी, कॉटन सिल्क म्हणून घेतला होता." या नावावर मी कधीच विसंबत नाही. आपल्या बाजारात कॉटन सिल्क म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडात कधी खरं रेशीम असतं, कधी व्हिस्कोज आणि कधी चक्क पॉलिएस्टर. शर्टाचं लेबल मानेला टोचतं म्हणून कापून टाकलेलं होतं.

अशा वेळी धागा जाळून पाहावा लागतो. शर्टाच्या आत, खालच्या दुमडीत शिवणीजवळ थोडं जास्तीचं कापड असतं. तिथून मी तिला दोन धागे काढायला सांगितले, एक उभा आणि एक आडवा. दोन्ही लागतात, कारण मिश्र कापडात अनेकदा उभा धागा एका जातीचा असतो आणि आडवा दुसऱ्या. धागा चिमट्यात धरून, सिंकवर, जवळ पाणी ठेवून पेटवायचा. सुती धागा कागदासारखा भरभर जळतो, वास जळक्या कागदाचा येतो आणि मऊ करडी राख उरते. व्हिस्कोजही असाच जळतो. रेशमाचा धागा हळू जळतो, ज्योत दूर नेली की बहुधा विझतो, वास जळलेल्या केसांचा येतो आणि काळी गोळी बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि त्याची गोळी इतकी कडक होते की चुरडत नाही. तिचा उभा धागा केसासारखा वास देत विझला आणि आडवा कागदासारखा जळला. म्हणजे कापड खरोखरच रेशीम आणि सूत यांचं होतं. अशा कापडाला नाजूक धाग्याचे नियम लावायचे, म्हणजे या शर्टाला रेशमाचे.

दुसरा प्रश्न, डाग कशाचा? नवऱ्याला आठवत नव्हतं. लोकांना अनेकदा खरंच आठवत नाही, म्हणून मी प्रश्न फिरवून विचारते: शर्ट शेवटचा कुठे घातला होता? तर एका लग्नाच्या जेवणाला. आणि मग माझा सगळ्यांत आवडता प्रश्न: आतापर्यंत त्याच्यावर काय काय केलं? तिने सांगितलं, पाण्याने धुतला तेव्हा काही झालं नाही, साबणाची वडी लावली तर डाग लाल झाला, म्हणून घाबरून धुवून टाकला, तर पुन्हा पिवळा झाला. याच वाक्याने उत्तर मिळालं. हळदीतलं रंगद्रव्य, कुरकुमिन, आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत लालसर होतं. साबणाची वडी अल्कलीधर्मी असते. चहा किंवा गंज साबणाने असा लाल होऊन परत पिवळा होत नाही. डाग हळदीचा होता, आणि लग्नातली भाजी म्हटल्यावर त्यात तेलही आलंच.

काय केलं हे विचारण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते शर्टापेक्षा माणसाशी संबंधित आहे. अनेक घरांत एक उपाय चालला नाही की लगेच दुसरा केला जातो. आधी ब्लीच, मग त्याच बादलीत व्हिनेगर किंवा लिंबू. क्लोरीन ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो घशाला आणि फुफ्फुसांना गंभीर इजा करतो. ब्लीच लावलेलं असेल तर आधी भरपूर वाहत्या पाण्याने शर्ट पूर्ण धुवायचा, हे मला आधी सांगावं लागतं. भाचीने ब्लीच लावलं नव्हतं, पण बाटली काढून ठेवलेली होती.

आता उपाय सांगता आला. पहिलं काम तेलाचं, कारण तेल हळदीला धरून ठेवतं. कोरड्या डागावर दोन्ही बाजूंनी टाल्कम पावडर टाकून काही तास ठेवायची आणि झटकायची. मग एक लिटर साध्या पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून त्यात डागाचा भाग दहा मिनिटं भिजवायचा आणि बोटांनी हलकेच दाबायचा. ब्रश नको, चोळणं नको, गरम पाणी नको. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं आणि चोळल्याने तिथला पोत कायमचा बिघडतो. हे सगळं आधी आतल्या दुमडीवर करून पाहायचं, रंग सुटत नाही ना याची खात्री करायची. शेवटी लिटरभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर टाकून खळबळायचं, म्हणजे साबणाचा अंश निघतो, आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवायचं.

यानंतरही फिकट पिवळा रंग उरतोच. तो साबणाने जात नाही, उजेडाने जातो. कुरकुमिन सूर्यप्रकाशात तुटतं आणि त्याचा रंग नाहीसा होतो. शर्ट सुती असता तर मी तिला साध्या साबणाने धुवून दिवसभर उन्हात टाकायला सांगितलं असतं आणि विषय संपला असता. पण ऊन रेशमालाही पिवळं आणि ठिसूळ करतं. म्हणून बाकीचा शर्ट दुसऱ्या कापडाने झाकून फक्त डागाचा ओलसर भाग सकाळच्या कोवळ्या उन्हात, एका वेळी अर्धा तास ठेवायचा, मग पाहायचं, गरज वाटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिने तसं केलं. डाग बराचसा गेला. जवळून पाहिलं तर अगदी पुसट छटा अजून आहे आणि मी तिला तिथेच थांबायला सांगितलं. त्यापुढे जाण्यात डागापेक्षा कापडाचं नुकसान जास्त झालं असतं.

हाच शर्ट पॉलिएस्टरचा असता तर मुख्य अडचण हळदीची नव्हे, तेलाची झाली असती. पॉलिएस्टर पाणी फारसं शोषत नाही, पण तेलाला धरून ठेवतं, आणि धुवून झाल्यावर डाग गेलाय असं वाटून इस्त्री केली की उरलेलं तेल उष्णतेने पक्कं होतं. म्हणून शर्टावर इस्त्री फिरली आहे का, हेही मी विचारते. फिरली असेल तर यश मिळण्याची आशा मी आधीच कमी करून सांगते. रक्ताच्या डागाचं गरम पाण्याने तसंच होतं: प्रथिन शिजतं आणि धाग्याला चिकटून बसतं. त्याला थंड पाणीच लागतं, आणि ते जितकं लवकर लागेल तितकं बरं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला डागाचा फोटो पाठवाल तेव्हा त्याखाली कापड कोणतं, लेबलवर काय लिहिलंय, शर्ट शेवटचा कुठे घातला होता, डाग किती दिवसांचा आहे आणि त्याला आजवर काय काय लावलं, एवढं लिहा. लेबलवरचा त्रिकोण फुलीने खोडलेला असेल तर ब्लीच चालत नाही, हे त्यातच पाहून घ्या. आणि भारी रेशीम, जरी किंवा अस्तराचे कपडे असतील तर घरी काहीही न लावता ड्रायक्लीनरकडे द्या. काही लावून झालं असेल तर काउंटरवर तेही न लाजता सांगा, कारण त्याच्याकडची द्रव्यं तुमच्याकडच्यापेक्षा तीव्र असतात आणि डागाखाली आधीपासून काय आहे हे त्यालाही नुसत्या नजरेने कळत नाही.