टाचणीने तपासायचं फ्रंट-बॅक

व्हिजिटिंग कार्डाची पुढची बाजू सुबक कापलेली असते, पण उलटं केलं की मागची किनार एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला बारीक. बोलणी खातो कटिंगवाला. खरं तर पातं एकाच फटक्यात दोन्ही बाजू कापतं. पुढची बाजू बरोबर आणि मागची सरकलेली असेल, तर घोळ छपाईतच झालेला असतो.

तो शोधायला टाचणी पुरते. समजा १२×१८ इंची शीटवर ८९×५१ मिमीची २४ कार्डं बसवली आहेत. त्याच ३०० जीएसएम आर्ट कार्डाच्या एका शीटवर दोन्ही बाजूंना, चारही कोपऱ्यांत बारीक फुल्या छापायच्या. पुढच्या प्रत्येक फुलीच्या मध्यावर टाचणी आरपार टोचायची, शीट उलटायचं आणि भोकं कुठे पडली ते पाहायचं.

चारही भोकं मागच्या फुल्यांच्या उजवीकडे १ मिमी पडली, तर मागची छपाई नुसती सरकली आहे. मशीनच्या सेटिंगमध्ये ती १ मिमी उजवीकडे घेतली की काम झालं.

पुन्हा तपासल्यावर मधली कार्डं जुळतात, पण लांबीच्या दोन्ही टोकांना भोकं फुल्यांच्या आत ०.४ मिमी दिसतात, असंही होतं. हा कागदाचा प्रताप. डिजिटल मशीनमध्ये टोनर पक्का करताना कागद तापतो, ओलावा उडतो आणि तो किंचित आकसतो. पुढची छपाईही त्याच्याबरोबर आकसते. मागची बाजू मात्र त्या आकसलेल्या कागदावर पूर्ण मापाने छापली जाते. इथे कितीही सरकवलं तरी एक टोक जुळवताना दुसरं बिघडणार. फुल्यांमधलं अंतर ४४० मिमी असेल तर फरक ०.८ मिमीचा, म्हणून मागची बाजू ९९.८ टक्क्यांवर आणायची.

एका टोकाची भोकं फुलीच्या वर आणि दुसऱ्या टोकाची खाली असतील, तर आधी कागद काटकोनात कापलेला आहे का ते बघा. तिरक्या कागदावर सेटिंगशी झटापट करण्यात अर्धा दिवस जातो.

कटिंगला देताना ज्या कोपऱ्याला धरून छपाई झाली, त्यावर पेन्सिलीची खूण करायची आणि गठ्ठा तोच कोपरा टेकवून लावायचा. गठ्ठा उंच केला की वरचं आणि खालचं कार्ड एका मापाचं राहत नाही, म्हणून थोडी थोडी शीटंच घ्यावीत.

एवढं करूनही अर्धा मिमी इकडेतिकडे होतोच. पसरलेल्या रंगात तो २ मिमी ब्लीडमध्ये लपतो, पण २ मिमीच्या किनारीत तो लपत नाही: एका कडेला दीड, दुसऱ्या कडेला अडीच. म्हणून दोन्ही बाजूंना किनार मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एकच बाजू निवडायला सांगतो आणि कटिंगच्या खुणा त्याच बाजूला छापतो.