वीस चित्रं आणि दोन लाखांचा हिशोब

मुंबईत १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कला दालनात प्रदर्शनाची तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. एकदा तारीख हातात पडली की आनंदाच्या भरात पैसे सुटत जातात. म्हणून हिशोब तारखेच्या आधी मांडावा. नाशिकची एक चित्रकार मुंबईतल्या एखाद्या दालनात आठवडाभर वीस जलरंग चित्रं लावणार आहे, असं धरू. प्रत्येक चित्राची किंमत २५,००० रुपये. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

दालनाचं भाडं ६०,०००. फ्रेमिंग, दर चित्राला ३,५०० प्रमाणे, ७०,०००. टेम्पोचं जाणं-येणं २२,०००. विमा ६,०००. निमंत्रणं आणि छोटी पुस्तिका १८,०००. राहणं-जेवण, उद्घाटनाचा चहा आणि मदतनीस २४,०००. एकूण झाले दोन लाख.

यात सर्वांत मोठा आकडा भाड्याचा नाही, फ्रेमचा आहे, आणि काटकसरीची कात्रीही पहिली तिथेच लागते. जलरंगाचा कागद काचेला टेकता कामा नये. मधे माउंटची जाडी हवी, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग उचलला जातो. स्वस्त माउंट बोर्डातलं आम्ल कागदात उतरतं. काही वर्षांनी चित्राच्या कडेला पिवळट पट्टा दिसू लागतो, तोही ग्राहकाच्या भिंतीवर. आम्लरहित बोर्डाचे पैसे वाचवू नका. वाचवायचेच असतील तर सगळी चित्रं दोन-तीन ठरावीक मापांत करा, म्हणजे न विकलेल्या चित्रांच्या फ्रेम पुढच्या प्रदर्शनाला चालतात. प्रवासासाठी काचेऐवजी ॲक्रिलिक शीट हलकी पडते आणि फुटून चित्र कापत नाही. मात्र कोळशाच्या किंवा सुक्या पेस्टलच्या चित्रावर ती लावू नये. ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि सुटी भुकटी तिला जाऊन चिकटते.

विम्याचा खर्च सर्वांत कमी, आणि म्हणूनच त्याचे कागद कोणी वाचत नाही. माझ्या पहिल्या प्रदर्शनाची पॉलिसी शेवटच्या दिवशी संध्याकाळी संपत होती. परतीच्या टेम्पोत दोन फ्रेम फुटल्या आणि एक चित्र फाटलं. भरपाई शून्य मिळाली, कारण तो प्रवास विम्यात नव्हताच. तेव्हा विमा घरच्या भिंतीवरून निघून पुन्हा घरच्या भिंतीवर येईपर्यंतचा घ्या. चित्रांची यादी, मापं, पुढून-मागून फोटो आणि किमती विमा कंपनीकडून आधीच मान्य करून घ्या. हप्ता कमी पडावा म्हणून पाच लाखांची चित्रं अडीच लाखांची दाखवलीत, तर नुकसान झाल्यावर भरपाईही साधारण निम्मीच हाती येते.

निमंत्रणात छापील पत्रिका थोड्या ठेवा. ज्यांनी पूर्वी चित्रं घेतली आहेत, त्यांना त्या हाती द्या. बाकीच्यांना मोबाइलवरचं निमंत्रण पुरतं.

आता कमिशन. दालन भाडं घेऊन वर २० टक्के कमिशन कापत असेल, तर २५,००० च्या चित्रातून २०,००० हाती येतात, आणि दोन लाख भरून निघायला दहा चित्रं विकली जावी लागतात. दुसरं दालन भाडं घेत नाही, पण ५० टक्के कापतं. तिथे खर्च १,४०,००० आणि हाती दर चित्रामागे १२,५००, म्हणजे बारा चित्रं विकायला हवीत. पहिला सौदा बरा वाटतो. पण चारच चित्रं गेली तर पहिल्या दालनात १,२०,००० चा तोटा होतो, दुसऱ्यात ९०,००० चा. पहिलंच प्रदर्शन असेल आणि ओळखीचे ग्राहक नसतील, तर माझा कौल दुसऱ्या दालनाला. तिथे चित्रं विकली जावीत ही गरज दालनाचीही असते.

आणखी दोन ठिकाणी पैसा गळतो. ग्राहकाने दहा टक्के सूट मागितली की चित्र २२,५०० ला जातं. कमिशन मूळ किमतीवर कापलं तर हाती १७,५००, सुटीनंतरच्या किमतीवर कापलं तर १८,०००. दुसरी गळती फ्रेमची. किंमत फ्रेमसह लावली की फ्रेमच्या ३,५०० वरही कमिशन जातं. भाडं न घेणाऱ्या दालनात हे दर चित्राला १,७५० होतात. म्हणून दालनाशी बोलताना फ्रेमची किंमत वेगळी धरायला सांगा.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्या: कमिशन कोणत्या रकमेवर, सूट कोणाच्या वाट्यातून, विक्रीचे पैसे किती दिवसांत, आणि प्रदर्शनात पाहिलेलं चित्र ग्राहकाने नंतर तुमच्या घरी येऊन घेतलं तर त्यावर कमिशन लागणार की नाही.